दुसऱ्यांदा आलेलं ‘नाही’

कुबराच्या नवऱ्याला, ओसामाला, कमी ऐकू यायचं, आणि त्याचं श्रेय द्यायचं तर भिवंडीलाच द्यावं लागेल. निजामपुऱ्यातल्या एका शेडमध्ये सोळा वर्षं उभं राहायचं, चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, एकदम खडखडत असताना, मग शेजारच्यानं कानात बोंबललं तरी माणूस ‘काय म्हणालास?’ विचारणारच. डॉक्टरनं सांगितलं, आता लूम सोड, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. ओसामानं लूम सोडला आणि नारपोलीतल्या सायझिंगमध्ये लागला. सायझिंग म्हणजे विणायच्या आधी सुताला खळ लावायचा कारखाना. खळ शिजवायला वाफ लागते, खळ लावलेलं सूत वाळवायलाही वाफ लागते, आणि वाफ म्हटली की बॉयलर आला. ओसामा त्या बॉयलरवर मदतनीस होता. लाकडं घालायची, राख काढायची, आणि काचेवर नजर ठेवायची.

ही काच म्हणजे बॉयलरच्या पोटाला बाहेरून लावलेली उभी नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. बॉयलरवाल्याचा सगळा जीव त्या वीतभर काचेत असतो.

खरा बॉयलरवाला होता तुळशीराम. अंबाडीकडचा माणूस, भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, आणि तोंडात कायम तंबाखू. माणूस वाईट नव्हता, पण शिकवायचा कंटाळा. ओसामानं एकदा विचारलं, काच रिकामी झाली तर काय करायचं? तर हा म्हणे, रिकामी होऊ द्यायचीच न्हाय, मंग पुढचं कशाला पायजे? झालं शिक्षण!

तर हाच तुळशीराम भाचीच्या लग्नाला तीन दिवस अंबाडीला निघाला. त्याच्या जागी सर्टिफिकेटवाला दुसरा माणूस आणायला हवा होता, कायदाच आहे तसा. पण सायझिंगचे मालक अब्दुर्रहमान सेठ म्हणाले, ओसामा आहे ना, तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय? कुबरा त्याच सेठच्या निजामपुऱ्यातल्या ऑफिसात हिशोबाला होती. सेठचं हे वाक्य तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तिचं डोकं सणकलं. पण सेठला उलटून बोलायचं तर दोघांच्याही नोकऱ्या एकाच छपराखाली. ती गप्प बसली, आणि गप्प बसलेली बाई जे करते ते तिनं केलं. नवऱ्याला शिकवायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

नेटवर तिला एक व्हिडिओ सापडला. निवृत्त झालेले एक मास्तर, समोर बाकांवर वीस-पंचवीस कामगार, पाठीमागे फळ्यावर बॉयलरचं चित्र. मराठीत शिकवत होते, बावीस मिनिटं. खाली लिहिलंही होतं की उतरवून घ्या, वाटा, कुणाचा जीव वाचला तर बरंच आहे. कुबराला हेच हवं होतं. अडचण एवढीच की ओसामाला मोबाइलवरचं बोलणं धड कळायचं नाही आणि बॉयलरजवळ नेटवर्क रुसलेलं असायचं. म्हणजे व्हिडिओ उतरवून घ्यायला हवा, आणि बोललेलं खाली अक्षरांत दिसायला हवं.

व्हिडिओ उतरवायची युक्ती तिला मोबाइल दुकानवाल्या भावेशनं पूर्वीच शिकवली होती. काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची, पुढे व्हिडिओचा पत्ता डकवायचा. त्याच ओळीत थोडा बदल केला की व्हिडिओसोबत कुठली सबटायटल्स मिळतात त्याची यादी येते. यादी दोन भागांत आली. माणसानं लिहिलेली सबटायटल्स: एकही नाही. मशीननं ऐकून लिहिलेली: मराठी. मग तिनं तीच वेगळी उतरवून घेतली, आणि ती एसआरटी नावाची साधी मजकुराची फाइल झाली. अशा फाइलीत काही जादू नसते. आधी क्रमांक, त्याखाली वेळ, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत, त्याखाली ओळ. मग एक रिकामी जागा आणि पुढचा क्रमांक.

पण फाइल उघडून पाहते तो काय, प्रत्येक ओळ दोनदा! मशीन ऐकत ऐकत लिहितं ना, त्यामुळे नवी ओळ खाली येते आणि तीच पुढच्या क्षणी वर सरकून पुन्हा दिसते. फाइलीत दोन्ही वेळा तिची नोंद. व्हिडिओवर लावून पाहिलं तर अक्षरं तोतऱ्यासारखी अडखळत होती. ओसामाला असलं वाचायला लावायचं म्हणजे अजून गोंधळ.

इथे हिशोबनीस जागी झाली. कुबराला एक्सेल म्हणजे हातचा मळ. तिनं सगळी फाइल तीन रकान्यांत मांडली, क्रमांक, वेळ, ओळ. ओळीचा रकाना निवडला आणि ‘डुप्लिकेट काढा’ दाबलं. गिऱ्हाइकांच्या याद्यांमध्ये एकच नाव दोनदा आलं की ती हेच करायची, दिवसातून दहा वेळा. एक्सेलनं निरोप दिला: दोनशे अठरा डुप्लिकेट काढल्या, दोनशे चार उरल्या. तिनं ‘ओके’ केलं. मग तिन्ही रकाने परत जोडून एसआरटी केली, मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होऊ नयेत म्हणून यूटीएफ-आठमध्ये सेव्ह केली. वरून खाली एकदा नजर टाकली. सुबक, स्वच्छ. ऑफिसच्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता, पण वाचायलाच तर हवं होतं, ऐकायला कुठे?

आधी तिनं व्हिडिओ आणि सबटायटलची फाइल अशा दोन वेगळ्या फाइली, एकाच नावाच्या, ओसामाच्या मोबाइलमध्ये टाकल्या. प्लेअरनं दोन्ही जोडून दाखवल्या. पण ओसामानं त्यातला नुसता व्हिडिओ आतेभावाला, खालिदला, पाठवला. खालिद मालेगावात एका सायझिंगला होता, त्याचेही कान असेच गेलेले. त्याचा मेसेज आला की अक्षरं कुठायत? कुबरा चिडली. दोन वस्तू एकत्र पाठवायला सांगा, पुरुष एक हटकून विसरणार! मग तिनं दोन्हींची एकच फाइल करून टाकली. काळ्या खिडकीत दुसरी ओळ टाइप केली, चित्र आणि आवाज जसाच्या तसा, आणि सबटायटलचा ट्रॅक त्याच फाइलीच्या पोटात. एमपीफोर ठेवली तर ओसामाच्या प्लेअरला ट्रॅक दिसेना, म्हणून एमकेव्ही केली. फाइल उघडली की अक्षरं आपोआप यायला हवीत, तीही खूण करून ठेवली. आता व्हिडिओ जिथे जाईल तिथे अक्षरं जाणार, हरवायचा प्रश्नच नाही. शिवाय तिनं ओसामाला बजावलं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नकोस, ते त्याला दाबून लहान करतं आणि सबटायटलं गळून पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठव. ओसामानं बायकोचं शब्दशः ऐकलं. खालिदला पाठवली, बॉयलरवाल्यांच्या ग्रुपवर टाकली, आणि छाती फुगवून खाली लिहिलं, मेरी घरवाली ने बनाया.

तीन रात्री त्यानं तो व्हिडिओ अभ्यासासारखा पाहिला. कुबराला फार बरं वाटलं. नवरा ओठ हलवत एकेक ओळ वाचतोय आणि ती अक्षरं आपण जुळवलीत, याचं तिला कौतुक वाटत होतं. खोटं कशाला बोला, थोडा गर्वच होता.

तुळशीराम गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी कुबराला अर्धी सुट्टी. दुपारी बारा-साडेबाराला ती निजामपुऱ्यातल्या घरी पीठ मळत होती. सेठनं सांगितलं होतं की तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर दे, तपासणीला कुणी आलं तर टीव्हीवर लावून दाखवू. द्यायच्या आधी एकदा नीट चालतो ना पाहावं, म्हणून तिनं मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला. हात पिठात, डोळे परातीत, कान मोकळे. मास्तरांचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मास्तरांची एक लकब होती. आपल्याकडे शाळेत असायची तीच. वाक्य शेवटपर्यंत आणायचं आणि शेवटचा शब्द पोरांकडून वदवून घ्यायचा. ‘काच रिकामी दिसली, तर आधी काय? घाबरायचं...’ आणि सगळा वर्ग एका सुरात, ‘नाही!’ कुबराला हसू आलं. एवढाले मिश्यावाले बाप्ये आणि बालवाडीसारखे ओरडतायत.

मास्तर पुढे म्हणाले, राख टाकून आग दाबायची. हवेचं दार बंद करायचं. मग आवाज चढवून, ‘आणि पंप चालू करायचा...’

‘नाही!’ वर्ग ओरडला.

कुबराचे हात परातीत थांबले. पंप चालू करायचा नाही? तिनं वाचलं होतं ते असं नव्हतं. तिनं मान वर करून मोबाइलकडे पाहिलं तेव्हा मास्तर पुढे गेले होते, तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर त्याची एका क्षणात वाफ होते, बॉयलर फुटतो, भिंत राहत नाही की माणूस राहत नाही, असं सांगत होते. तिनं पिठाच्या बोटानंच व्हिडिओ मागे ओढला. मास्तर म्हणाले, पंप चालू करायचा. खाली अक्षरं आली: पंप चालू करायचा. वर्ग ‘नाही’ म्हणाला. खाली काही आलं नाही. दोन सेकंद स्क्रीन कोरी, मग पुढची ओळ.

तिनं तिसऱ्यांदा लावून पाहिलं, चौथ्यांदा पाहिलं. काय झालं ते तिला बसल्याजागी कळलं, कारण आकड्यांची बाई होती ती. मास्तर थांबायचे, म्हणून मशीननं दर वेळी ‘नाही’ वेगळ्या ओळीत लिहिलं होतं. एका ओळीत तेवढाच एक शब्द. एक्सेलला काय कळतंय, कुठलं ‘नाही’ कशाचं? घाबरायचं नाही मधलं पहिलं त्यानं ठेवलं, आणि पुढची सगळी ‘नाही’, एकूण एक, डुप्लिकेट म्हणून उचलून फेकली. प्रत्येक ओळ दोनदा होती, तर निम्म्या जायला हव्या होत्या ना? दोनशे चार उरल्या आणि दोनशे अठरा गेल्या. चौदाचा फरक, म्हणजे दोनदा आलेल्या सात ओळी समूळ गेलेल्या. आकडे तिच्या डोळ्यांसमोर आले होते आणि तिनं ‘ओके’ दाबलं होतं.

त्याच वेळी डोक्यावरचा पंखा बंद पडला.

भिवंडीत लाइट गेली की ते कुणाला सांगावं लागत नाही. निजामपुऱ्यातला खडखडाट एकदम थांबतो, गल्लीच्या गल्ली. ज्यांचा जन्म इथला, त्यांना ती शांतता बरी वाटत नाही, काहीतरी बिनसल्यासारखी वाटते. कुबरा त्या शांततेत उभी राहिली. नारपोलीतही लाइट गेली असेल का? गेली असेल तर बॉयलरला पाणी देणारा पंप बंद. वीज नसताना पाणी सोडायची जी दुसरी सोय असते ती तीन महिन्यांपासून नादुरुस्त, तिच्या दुरुस्तीचं बिल अजून आलेलं नाही म्हणून कुबराला पक्कं ठाऊक. आणि लाकडाची आग काही विजेवर चालत नाही. ती पेटलेलीच राहणार, पाणी उकळत राहणार, काच खाली खाली जाणार.

आणि लाइट आली की ओसामा काय करेल? तिनं लिहून दिलंय तेच करेल.

तिनं फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. लाइट गेली की तिकडचा टॉवरही मान टाकतो. कारखान्याच्या ऑफिसात लावला, कुणी उचलेना, शुक्रवारची नमाज, सगळे मशिदीत. सेठचा फोन बंद. ओसामा दुसऱ्या जमातीला, म्हणजे नंतरच्या नमाजेला, जाणार होता, आगीजवळ कुणीतरी हवं म्हणून. म्हणजे तिथे तो एकटा.

ती पिठाच्या हातांनीच ओढणी घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाला म्हणाला, बाजी, जुम्मे का टाइम है, रस्ता जाम मिलेगा. ती म्हणाली, नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, कुठूनही घाल. गल्ल्यागल्ल्यांतून, हातगाड्या चुकवत, एका ठिकाणी उलट्या बाजूनं त्यानं रिक्षा काढली. कुबरा दोन्ही बाजूंच्या शेडकडे कान लावून बसली होती. आयुष्यभर त्या खडखडाटाला शिव्या घातल्या होत्या. आता ती मनातल्या मनात दुवा मागत होती, या अल्ला, लूम चालू होऊ देऊ नकोस. अजून पाच मिनिटं. लाइट येऊ देऊ नकोस.

नारपोलीच्या फाट्यावर ट्रक आडवा होता. तिनं रिक्षा सोडली आणि पळत सुटली.

कारखान्याच्या मागच्या अंगाला बॉयलरची शेड. दारातून तिला आधी राखेचा धुरळा दिसला. मग ओसामा. त्यानं सगळं बिनचूक केलं होतं. आगीवर राख ओतली होती, हवेचं दार लावून घेतलं होतं. काच कोरडीठाक, आत थेंब दिसत नव्हता. आणि तो भिंतीजवळ उभा होता, उजवा हात पंपाच्या हिरव्या बटणावर ठेवून, लाइटची वाट पाहत. डाव्या हातात मोबाइल होता. घाबरलेला नव्हता. घाबरायचं नाही, ते तेवढं त्यानं वाचलं होतं.

तिनं हाक मारली. त्याला ती गेली नाही. तिनं पुन्हा मारली, आणि तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडच्या शेडमध्ये एक लूम खडखडला. मग दुसरा. मग सगळ्या नारपोलीचा आवाज एकदम उठला आणि शेडमधला बल्ब पेटला.

कुबरा त्याच्या अंगावरच जाऊन पडली. दोघंही लाकडांच्या ढिगात कोसळले. ओसामाला राग आला, येणारच. तो उठून पुन्हा बटणाकडे वळला तेव्हा तिनं त्याच्या मनगटाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि मानेनं नाही, नाही करत राहिली. त्यानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. स्क्रीनवर व्हिडिओ थांबवलेला होता.

“बघ ना गो,” तो ओरडला, “पंप चालू करायचा. तूच लिवलंस.”

“चुकलं माझं,” ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. “एक शब्द गेला. पंप चालू करायचा नाही.”

त्यानं काचेकडे पाहिलं, मग बटणाकडे. त्यानं तिला ओढतच शेडबाहेर काढलं, नमाजेहून परतणाऱ्या लोकांना फाटकातच अडवलं, आणि सगळे लांब पिंपळाखाली उभे राहिले. संध्याकाळपर्यंत कुणी आत गेलं नाही. बॉयलर आपोआप थंड झाला. दुसऱ्या दिवशी लग्न अर्धवट सोडून तुळशीराम आला, आणि आत वाकून पत्रा पाहिला. एवढंच म्हणाला, “पानी गेलं असतं तर मला तुमचं काय सापडलं नसतं.”

सेठनं पेढे वाटले. कुबरा भाभीनं कारखाना वाचवला, असं सगळीकडे सांगत सुटले. कुबराला ते पेढे गिळवले नाहीत. वाचवला म्हणे! सुरुंग लावायचा आणि वात विझवायची, त्याचं कौतुक कसलं?

पेढ्यांच्या आधी, त्या शुक्रवारी रात्रीच ती फाइल पुन्हा करायला बसली होती. या वेळी कानाला इअरफोन लावून, एकेक ओळ ऐकून, हातानं. पोटातला ट्रॅक बाहेर काढला, सातही ओळी वेळेसकट परत भरल्या, पुन्हा बसवला. नवी फाइल ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, जुनी लगेच पुसून टाका, तिच्यात जीवघेणी चूक आहे. अंगठे आले, खूप अंगठे आले. पण मोबाइलमध्ये दोन्ही फाइली शेजारीशेजारी ठेवल्या आणि तिच्या लक्षात आलं की बाहेरून दोन्ही एकसारख्या. नाव तेच, मास्तर तेच, बावीस मिनिटं तीच. सबटायटल वेगळी फाइल असती तर ती कधीच कुठेतरी मागे राहिली असती, हरवली असती. पण ही हरवू नये म्हणून तिनं स्वतःच तर बसवली होती. आता ती सुटणार नव्हती.

मग दोघांनी माग काढायला घेतला. ओसामाला फोनवर धड ऐकू यायचं नाही, म्हणून बोलायची कुबरा. ग्रुपमधल्या प्रत्येकाला फोन, तू कुणाला पाठवलीस, त्याचा नंबर दे. त्याला फोन, तू कुणाला? वहीत नावं, नावापुढे रेघ, रेघेपुढे अजून नावं. कोणी हसायचे, कोणी म्हणायचे कान आहेत आम्हाला, आम्ही ऐकून घेतो. तिचं उत्तर एकच, बॉयलरवर काम करणारे किती जण ऐकू शकतात ते सांगा. पुसली का? पुसली. माझ्यासमोर पुसा, फोटो पाठवा. सात दिवस तिनं हेच केलं. ऑफिसचं काम साचलं, भाकऱ्या करपल्या, सासू बोलायची थांबली. वहीत एकसष्ट नावं झाली आणि साठांवर काट मारून झाली.

एकसष्टावा होता दौलत. वाडा गावाकडे कुठल्याशा डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉयलरवर, खालिदचा जुना जोडीदार. तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. खालिद म्हणाला, तिकडे नेटवर्क असंच, पण मेसेज टाकला की संध्याकाळपर्यंत बघतो तो. कुबरानं मेसेज टाकून ठेवले होते, एक नाही, चार, पण अनोळखी नंबरचे म्हणून की काय, त्यानं एकही उघडलेला दिसत नव्हता. आठव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, ती ऑफिसात होती, बॉयलर तपासणीसाठी बंद म्हणून ओसामाही तिथेच होता, तेव्हा खालिदचा मेसेज आला. म्हणाला, भाभी, दौलतचा हा मेसेज मला पावणेबाराला आलाय, मी ड्युटीवर होतो, आत्ता पाहिला.

खाली दौलतनं लिहिलं होतं: ‘लाइट गेलीय. काच पार खाली गेली. तू दिलेला व्हिडिओ लावलाय, लिहिलंय तसं करतो. आग दाबली. आता लाइट आली की पंप.’

कुबरानं फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. डाइंगचं नाव खालिदला माहीत नव्हतं, वाड्यातल्या पोलीस ठाण्यात फोन केला तर ते विचारायला लागले, कुठली डाइंग, कुठला रस्ता, तुम्ही कोण? ती सांगत होती आणि दुसऱ्या हातानं ओसामाच्या मोबाइलवर लिहीत होती, दौलतभाऊ, पंप चालू करायचा नाही, पंप चालू करायचा नाही. ओसामा तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. मेसेज गेला. त्याच्यासमोर एक टिक आली.

पावणेबारा वाजून सव्वा तास होऊन गेला होता. दोघं त्या टिककडे पाहत बसले, तीन वाजेपर्यंत, मग पाच वाजेपर्यंत. पोचल्याची दुसरी टिक आली नाही.